मदत हवी आहे: भाडेवाढीची नोटीस नीट शब्दांत लिहून हवी

वाटसरू
नोटीस आज द्यायची आहे, जरा लवकर सांगा. बायको म्हणते की वाचून धमकी दिल्यासारखं वाटतं. भाडेकरू चांगला आहे, तो जायला नको आहे. मजकूर असा:

"वाढती महागाई, सोसायटीचा वाढलेला मेंटेनन्स व आमच्या गृहकर्जाचा वाढलेला हप्ता यामुळे पुढील महिन्यापासून भाडे १५% वाढवण्यात येत आहे. मान्य नसल्यास घर रिकामे करावे."

रानपाखरू
शेवटचं वाक्य काढा, बाकी ठीक आहे.

हिशेबनीस
आत्ता भाडं किती आहे? करार कधी संपतो? नोटिशीची मुदत किती लिहिली आहे? भाडं आगाऊ घेता की महिना संपल्यावर? हे कळल्याशिवाय काय लिहिणार?

वाटसरू
भाडं २०,०००. करार जुलैअखेर संपतो. बाकी नेहमीसारखंच.

माधवी_क
आमच्या घरमालकांनी अशीच चिठ्ठी दाराखालून सरकवली होती. वाढ मोठी असेल तर आधी डिपॉझिटमधून वळती करून घ्यायला सांगा, घाबरू नका.

रानपाखरू
माधवीताई, ते स्वतः घरमालक आहेत.

हिशेबनीस
"नेहमीसारखं" म्हणजे काय ते करारात बघून सांगा, सगळं त्यावरच अडलं आहे. आज २० जून. "पुढील महिन्यापासून" म्हणजे जुलै, आणि जुलै तर चालू करारातच येतो. मुदतीच्या मधे वाढ करायचं कलम नसेल तर तुम्हाला ती मागता येणार नाही.

वाटसरू
बघितलं. मधे वाढीचं कलम नाही. नोटीस एक महिन्याची. भाडं ५ तारखेपर्यंत, त्याच महिन्याचं आगाऊ. ३ वर्षांत एकदाही वाढवलेलं नाही. मेंटेनन्स १,८०० होता, आता २,६०० झाला, तो मीच भरतो.

हिशेबनीस
मग वाढ १ ऑगस्टपासून. नुसतं "ऑगस्टपासून" लिहू नका. "ऑगस्टचं भाडं, जे ५ ऑगस्टपर्यंत द्यायचं आहे" असं लिहा, म्हणजे कोणता हप्ता वाढीव हा वाद उरत नाही. आणि टक्के लिहू नका, २०,००० वरून २३,००० असे दोन्ही आकडे लिहा. टक्का वाचला की माणूस स्वतः गुणाकार करतो आणि चिडतो.

आता कारण. मेंटेनन्स ८०० ने वाढला, तुम्ही ३,००० मागताय. भाडेकरू वजाबाकी करणार आणि उरलेले २,२०० कशाचे म्हणून विचारणार. कारण आकड्याला पुरलं पाहिजे. तुमचा कर्जाचा हप्ता त्याला लागू नाही, तो काढाच. तुमच्याकडे खरं कारण आहे ते ३ वर्षं भाडं न वाढल्याचं. दरवर्षी ५% वाढवलं असतं तर २१,०००, मग २२,०५० आणि आता साधारण २३,१५० झालं असतं. तुम्ही त्याहून थोडं कमीच मागताय. पण मागच्या वर्षांची थकबाकी मागतोय असं वाटू देऊ नका.

गच्चीवरून
नोटीस कशाला? आधी २५,००० सांगा, घासाघीस होऊन २३,००० वर येईल. सगळे तसंच करतात.

हिशेबनीस
२५,००० ऐकून त्याने दुसरीकडे घर बघायला सुरुवात केली तर? एखादा महिना घर रिकामं राहिलं की २३,००० गेले. महिना ३,००० वाढीने ते भरून यायला सात-आठ महिने लागतील. शिवाय काही ठिकाणी भाडेवाढीला कायद्याचीच मर्यादा असते, ती आधी तपासा.

रानपाखरू
मेंटेनन्स भाड्यातून वेगळा काढून थेट त्याच्याकडूनच भरून घ्या, म्हणजे भाडं फार वाढवावं लागणार नाही.

हिशेबनीस
ते वेगळं ठरवावं लागेल आणि नव्या करारात लिहावं लागेल. आजच्या नोटिशीत नको.

वाटसरू
मर्यादा बघितली, १५% चालतं. हे कसं वाटतं?

"आपला करार ३१ जुलै रोजी संपत आहे. नवीन करारात मासिक भाडे २०,००० ऐवजी २३,००० असावे असा माझा प्रस्ताव आहे. ऑगस्टच्या भाड्यापासून, म्हणजे ५ ऑगस्टपर्यंत द्यायच्या हप्त्यापासून, ते लागू होईल. गेली ३ वर्षे भाडे बदललेले नाही आणि याच काळात सोसायटीचा मेंटेनन्स ८०० ने वाढला आहे. मागील महिन्यांचा कोणताही फरक द्यायचा नाही. ५ जुलैपर्यंत आपला विचार कळवावा. आकड्याबद्दल बोलायचे असल्यास अवश्य बोलू."

माधवी_क
हे वाचून मी तरी राहिले असते. डिपॉझिटही वाढवणार आहात का? भाडेकरूच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो.

वाटसरू
नाही. तशी एक ओळ टाकतो.

गच्चीवरून
"अवश्य बोलू" लिहिलंत की तो २१,५०० म्हणणारच.

हिशेबनीस
म्हणू दे. कुठवर खाली यायचं ते आधीच घरात ठरवून ठेवा, नोटिशीत लिहू नका. मेसेज पाठवलात तरी छापील प्रतीवर मिळाल्याची सही आणि तारीख घ्या. करारात महिना पाठवल्यापासून धरायचा की मिळाल्यापासून, तेही बघा.

वाटसरू
ते करारात स्पष्ट नाही. मग काय धरायचं?