वर्गणीदारांना हिशेबाचं पत्र: आकडे किती द्यायचे?

धाकटी वाडी: आमच्या गणेशोत्सव मंडळाची यंदा मी खजिनदार. विसर्जन झालं, आता वर्गणीदारांना पत्र द्यायचंय. सेक्रेटरी म्हणतात, "जमा, खर्च, शिल्लक अशा तीन ओळी बास." त्यांनी शिल्लक ३१,५०० लिहिली आहे. पण बँकेत ३६,२०० आणि माझ्या डब्यात रोख ५,३०० आहेत, म्हणजे ४१,५००. खरं काय लिहू? आणि सगळा तपशील द्यावा की नाही?

बिनधास्त: तीन ओळीच द्या. आम्ही एका वर्षी सगळं छापलं आणि ढोल-ताशाला एवढे पैसे कशाला, यावर दिवाळीपर्यंत भांडण चाललं. लोकांना आकडे नको असतात, आरती वेळेवर हवी असते. आणि १०,००० जास्त निघाले तर रडता कशाला?

जुना खजिनदार: जास्त निघाले म्हणजे काहीतरी लिहायचं राहिलंय. कमी पडलेले निदान सगळ्यांना दिसतात. ताई, दोन गोष्टी सांगा. मंडपवाल्याचं बिल पूर्ण चुकतं झालंय का? आणि कुणी "देतो" म्हणालेली पण न आलेली रक्कम जमेत धरलीय का?

धाकटी वाडी: मंडप-रोषणाईचं बिल ६८,००० चं, पैकी ५०,००० दिलेत. आणि हो, समोरच्या दुकानदारांनी कबूल केलेले ८,००० सेक्रेटरींनी जमेत धरलेत. अजून आले नाहीत.

जुना खजिनदार: मग कोडं सुटलं. ४१,५०० मधले १८,००० मंडपवाल्याचे आहेत, ते तुमचे नाहीतच. उरले २३,५००. त्यात न आलेले ८,००० मिळवले की ३१,५००. शिल्लक लिहायची ती २३,५००, आणि खाली दोन वेगळ्या ओळी: "देणे बाकी, मंडप १८,०००" आणि "येणे बाकी ८,०००, हिशेबात धरलेले नाहीत". दुकानदारांनी दिले तर पुढच्या वर्षी जमेत दाखवा. बाकीचे आकडे द्या, जुळवून बघू.

धाकटी वाडी: मागची शिल्लक १८,४००, वर्गणी १,३८,१००, जाहिरात फलक ३०,०००, दानपेटी ११,५००. खर्चात मंडपाशिवाय मूर्ती ३२,०००, महाप्रसाद ४१,०००, ढोल-ताशा आणि मिरवणूक २७,०००, किरकोळ ६,५००.

जुना खजिनदार: जमा १,९८,०००, खर्च १,७४,५००. राहिले २३,५००, बरोबर. एवढ्या नऊ ओळी पुरेत. फुलांच्या प्रत्येक हाराचं बिल पत्रात नको, ती फाईल मंडळात ठेवा आणि "बिले पाहायची असल्यास रविवारी सकाळी या" एवढं लिहा. मात्र मागची शिल्लक पहिल्या ओळीतच हवी. ती गाळली की यंदाचा आकडा कुठून आला हे कुणालाच कळत नाही. गडबड बहुतेक तिथेच लपते.

बिनधास्त: तुम्ही हिशेब छान जुळवलात, मान्य. पण मंडळ नोंदणीकृत नसेल तर विचारणार कोण? वर्गणी म्हणजे स्वखुशी.

जुना खजिनदार: स्वखुशी असली तरी चौकशी होते. नोंदणी नसलेल्या मंडळालाही वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते. ती तात्पुरती असते आणि नंतर तिथे हिशेब द्यावा लागतो. तो आणि हे पत्र जुळलंच पाहिजे.

नाशिकवाला: मी पाच हजार रोख दिलेत. पावती दाखवून इन्कम टॅक्समध्ये सूट मिळेल का?

जुना खजिनदार: दादा, धागा वेगळा आहे. पण नाही. मंडळाला ८०जी मान्यता असेल तरच प्रश्न येतो, आणि रोख दोन हजारांवर असेल तर त्यावरही मिळत नाही.

तिसरा मजला: माझी शंका पावतीपुस्तकाची. आमच्याकडे तीन पुस्तकं वाटली, एक पोरगा दुसऱ्या गावी गेला आणि त्याचं पुस्तक परतच आलं नाही. पत्रात एकूण रक्कम छान दिसते, पण त्या पुस्तकातून काय फाटलं कुणास ठाऊक.

जुना खजिनदार: म्हणूनच रकमेशेजारी पावत्यांचे क्रमांक लिहायचे: "१ ते २१४, पैकी ३ रद्द". रद्द पावतीची मूळ प्रत स्थळप्रतीलाच टाचलेली हवी. तुमचं हरवलेलं पुस्तक तर पत्रात नंबरासकट सांगायला हवं. लाज वाटते, पण ज्याच्याकडे त्यातली पावती असेल तो पुढे येतो.

धाकटी वाडी: वर्गणीदारांची नावं आणि रकमा छापू का? गेल्या वर्षी फलकावर लावल्या होत्या.

बिनधास्त: छापा. नाव दिसलं की पुढच्या वर्षी माणूस जास्त देतो.

तिसरा मजला: आणि आमच्या चाळीत ज्यांनी ५१ दिले त्यांनी पुढच्या वर्षी दार उघडलं नाही. रक्कम नको, नुसती नावं.

जुना खजिनदार: मी यात ठाम नाही. आमच्याकडे पाच हजारांवरच्यांचीच नावं असत, त्यावरही दरवर्षी कुरकुर.

धाकटी वाडी: बरं, नावं बैठकीत ठरवू. आज संध्याकाळी सेक्रेटरींकडे २३,५०० चं पत्र घेऊन जाते. आधी मंडपवाल्याचे १८,००० ऑनलाईन टाकते, म्हणजे ती ओळच काढता येईल.