इंग्रजी शिवी मनाला का लागत नाही?

धरमपेठकर: बर्डीवर पोट्टे एकमेकांना सर्रास 'इडियट', 'बास्टर्ड' म्हणतात, कोणी मनावर घेत नाही. तेच मराठी-हिंदीत म्हणा, लगेच कॉलर धरतात. असं का?

इतवारी_४४: परका शब्द आहे म्हणून. कानावरून जातो, आत उतरत नाही. यात एवढं काय बे!

सदाशिवराव: निव्वळ परकेपणानं शिवी हलकी होत असती तर 'हरामखोर' आणि 'नालायक' कोणालाच लागले नसते. दोन्ही अरबी-फारसीतून आलेत. इतवारीच्या भर बाजारात कोणाला हरामखोर म्हणून पाहा. शब्द कुठून आला यापेक्षा तो तुम्ही कोणत्या वयात, कोणाच्या तोंडून ऐकला, यावर सगळं ठरतं. २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसं तुर्की मातृभाषेची, इंग्रजी मागाहून शिकलेली. बोटांना तारा लावून त्वचेवरच्या घामातला फरक मोजला. शिव्यांना तुर्कीत प्रतिसाद जास्त मिळालाच, पण लहानपणी आईबाप जसं रागावतात तशा वाक्यांना तर तुर्कीत फारच जास्त. 'हरामखोर' आपण भांडणात, रागावलेल्या आवाजात ऐकलेला असतो. 'इडियट' बहुतेकांना वर्गात नाहीतर सिनेमात भेटतो.

पानठेल्यावरचा: माझा पोरगा कॉन्व्हेंटात आहे, दिवसभर 'शिट' म्हणतो. घरात बंदी घालू का?

सदाशिवराव: तो वेगळा धागा काढा, भाऊ.

रेशीमबाग: वय मान्य, पण अर्थ विसरलात. आपल्याकडच्या जहाल शिव्या आई-बहिणीवर जातात. इंग्रजीतून आपण रोजच्या वापराला घेतले ते 'स्टुपिड', 'डफर', 'युसलेस', म्हणजे अकलेवरचे. 'डॅम'मध्ये नरकाचा शाप आहे, पण त्या नरकाची भीती आपल्या घरात कोणी घातलीच नाही. 'बास्टर्ड' आणि 'हरामजादा' दोन्ही जन्मावर घाव घालतात, तरी पहिला दोस्तीत खपतो, कारण ऐकणारा त्याचा अर्थ उलगडत बसत नाही. अर्थ ठाऊक असलेल्या वयस्क माणसाला म्हणून पाहा, चांगलाच लागेल.

इतवारी_४४: मंग 'डांबिस'चं काय? तो तर 'डॅम बीस्ट'वरून आला म्हणतात, आणि आज्या नातवाला लाडानं म्हणतात.

सदाशिवराव: व्युत्पत्ती तशी सांगतात खरी. पण 'डांबिसपणा' म्हणताना इंग्रजी कोणाला आठवतं? 'पणा' चिकटला की शब्द घरचा झाला समजा. 'स्टुपिडपणा' त्याच वाटेवर आहे.

रेशीमबाग: घरचा झाला की जड व्हायला हवा होता ना, तुमच्याच हिशोबानं? हा तर लाडाचा झाला.

सदाशिवराव: जड व्हायला रागाची सोबत लागते. डांबिस घरात वाढला तो कौतुकात.

धरमपेठकर: आणि ऑफिसात साहेब चारचौघांत 'युसलेस' म्हणतो तेव्हा? इंग्रजीच असते, पण रात्रभर झोप येत नाही.

रेशीमबाग: तिथं शब्दापेक्षा साहेबाची खुर्ची लागते.

इतवारी_४४: साहेबानं 'नालायक' म्हटलं असतं तर जास्त लागलं असतं का कमी, ते सांगा आधी.