आईला पुन्हा पुन्हा काय सांगावे?

“स्मृतिभ्रंश झालेली आई रोज विचारते, ‘हे कुठे आहेत?’ प्रत्येक वेळी बाबा गेल्याचे सांगायचे का?”

एकदा अवश्य सांगावे, रोज नव्हे. वडोदऱ्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सासरे वारले, तेव्हा स्मृतिभ्रंशच झालेल्या सासूबाई सकाळी शांत असताना त्यांचा हात हातात घेऊन मी सांगितले, “आई, बाबा वारले.” आधी दिराने ‘देवाघरी गेले’ म्हटले होते, त्यावर त्यांनी “परत कधी येणार?” असे विचारले, म्हणून शब्द स्पष्टच हवा. त्या रडल्या, तेराव्याला पाहुण्यांशी बोलल्याही, पण पुढे पुन्हा विचारू लागल्या. नवी आठवण टिकत नसल्याने दर वेळी ती बातमी नवीच ठरते, आणि बातमी विसरली तरी तिने आलेली अस्वस्थता पुष्कळ वेळ रेंगाळते. चहाला दोन कप मांडून त्या विचारत, तेव्हा मी म्हणे, “बाबांची आठवण आली ना? त्यांना आल्याचा चहा लागायचा का?” मग त्या बोलत राहत. मात्र “ते गेले का गं?” असे त्यांनी थेट विचारले, तर मी “हो” म्हणून शेजारी बसून राही, तिथे खोटे बोलू नये, कारण त्या क्षणी त्यांना बहुधा ठाऊक असते.