मदत हवी आहे: ७४९० काउंटर बटणावर आकडे गाळतो

उद्या सकाळी प्रॅक्टिकल. मी आणि रूममेट रात्रभर ७४९० घेऊन बसलोय. बटण एकदा दाबलं की आकडा २ वरून थेट ५ वर. पिन ५ ला पाच व्होल्ट, १० ग्राउंड, रिसेटच्या २, ३, ६, ७ ग्राउंडला, १२ ते १ जोडलेली; सगळं तपासलं. आयसीही बदलला. ५५५ चा एक हर्ट्झ क्लॉक दिला तर शून्य ते नऊ बिनचूक मोजतो, म्हणजे दोष बटणाच्या थरथरीचाच.

बटण दोन पायांचंच आहे, श्मिट ट्रिगर नाही. रूममेट म्हणतो, तोच ५५५ मोनोस्टेबल करू: १०० किलोओहम, १ मायक्रोफॅरड, साधारण ११० मिलीसेकंद. पण बटण त्याहून जास्त वेळ दाबलं, तर सोडतानाच्या थरथरीने जादा पल्स येईल का?