सळईने डोकं फोडलं, आता तडजोड करावी का?

ऐरोलीकर: पार्किंगवरून शेजाऱ्याने माझ्या भावाच्या डोक्यात लोखंडी सळई मारली, टाके पडले. मलाही ठोसे बसले. फिर्याद मी दिली. आता तो माफी मागतोय, दवाखान्याचा खर्च द्यायला तयार आहे. पोलीस म्हणतात फिर्याद मागे घेता येत नाही, वकील म्हणतात हायकोर्टात जा. मिटवावं का? आणि एवढ्यासाठी हायकोर्ट कशाला?

विकास: मिटवा की, रोज त्याच जिन्यात भेटायचंय. लोकअदालतीत ठेवा, तिथे सगळं मिटतं.

अॅड. सुनंदा: विकास, सगळं नाही. कायद्याने जे आपसात मिटवता येतं तेवढंच लोकअदालतीत मिटतं. त्याची यादी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. ठोशांचं कलम, न्याय संहितेचं 115(2), जखमी माणूस स्वतः मिटवू शकतो. हाताने हाड मोडलं असेल, म्हणजे 117(2), तर कोर्टाच्या परवानगीने मिटतं. पण घातक हत्याराने साधी जखम झाली तरी 118(1) लागतं आणि ते या यादीत नाही. मला हे विचित्र वाटतं, पण कायदा आज असाच आहे. म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली मुंबई उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ग्यान सिंग प्रकरणात ही वाट स्पष्ट केली. खून, बलात्कार, दरोडा मात्र त्यातून वगळले.

रोहिणी: मला हे अजिबात पटत नाही. पैसेवाल्याने सळई उचलायची, बिल भरायचं आणि सुटायचं! उद्या दुसऱ्याचं डोकं फुटेल. शिवाय कमिटीवाले जखमीवर किती दबाव आणतात ते मी पाहिलंय.

अॅड. सुनंदा: दबावाची भीती खरी आहे. म्हणूनच नुसत्या कागदावर भागत नाही; जखमीची संमती खरी आहे का, हे कोर्ट पाहतं आणि सरकारी वकिलाचंही ऐकतं. जखम किती खोल, आरोपीवर आधीचे गुन्हे आहेत का, खटला कुठवर आलाय, हेही पाहतं. डोकं नाजूक जागा आहे, त्यामुळे वैद्यकीय दाखला गंभीर निघाला तर कोर्ट नकार देऊ शकतं. ऐरोलीकर, फिर्याद तुमची असली तरी डोकं भावाचं फुटलंय, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र लागेल.

प्रमोद: बहिणीच्या सासरच्या छळाच्या 498अ मध्येही हायकोर्टातच जावं लागलं. तिने आधी सही केली आणि शेवटचा हप्ता अडकला, अजून वाद चालू आहे. पैसे हातात आल्याशिवाय सही नको.

विकास: पण हायकोर्टाचा खर्च कोण देणार? गरिबाने काय करायचं?

अॅड. सुनंदा: सहसा आरोपीच अर्ज करतो आणि खर्च उचलतो. काही वेळा कोर्ट त्याला पोलीस कल्याण निधीतही रक्कम भरायला लावतं. गरिबाला तरीही ही वाट महागच पडते, ते मान्य.

ऐरोलीकर: भावाला आत्ताच विचारलं. तो म्हणाला, पैसे नकोत, खटला चालू दे. आईला मात्र मिटवायचंय.

रोहिणी: मग भावाला एकटं सोडा. सही त्याची आहे.