शब्दचर्चा: कादंबरीची ‘थीम’ चौघांत वाटायची, तर शब्द कोणता?

मृण्मयी

आम्हा चौघांना ‘बनगरवाडी’वर वीस मिनिटांचं सादरीकरण करायचं आहे. कुणी काय बोलणार हे सांगणारी सुरुवातीची दोन मिनिटं माझ्याकडे आहेत. मी लिहिलेला मसुदा असा:

“नमस्कार. आज आपण ‘बनगरवाडी’ या कादंबरीची प्रस्तावना करणार आहोत. या कादंबरीचे चार विषय आम्ही आपापसात वाटून घेतले आहेत. दुष्काळावर निनाद बोलेल, शिक्षणावर सायली बोलेल, धनगरांच्या जीवनावर रोहन बोलेल आणि मास्तर या व्यक्तिरेखेवर मी बोलेन.”

यातला ‘विषय’ मला खटकतो. मोठ्याने वाचलं की शाळेचं वेळापत्रक वाचतेय असं वाटतं. ‘थीम’ लिहिता येईल, पण बाकी सगळं मराठीत असताना नेमका मुख्य शब्दच इंग्रजी नको वाटतो. काय म्हणावं?

कौस्तुभ

सरळ ‘मध्यवर्ती कल्पना’ म्हणा. शाळेत प्रत्येक कवितेखाली हा प्रश्न असायचाच. फक्त एक अडचण आहे. मध्यवर्ती म्हटलं की ती एकच असणार, वर्तुळाला चार केंद्रं नसतात. त्यामुळे तुमची मांडणीच बदलावी लागेल: कल्पना एक आणि तिच्या चार उपकल्पना.

हेमंत

प्रास्ताविकात आधी अध्यक्षांचं आणि पाहुण्यांचं स्वागत, मग लेखकाचा परिचय, मग पुस्तक कसं आकाराला आलं ते, आणि शेवटी प्रकाशकांचे आभार, असा क्रम ठेवा. विषय वाटण्याचा उल्लेख तिथे करूच नये, तो सूत्रसंचालकाचा भाग आहे.

मृण्मयी

हेमंतजी, प्रकाशन समारंभ नाही हो. ‘बनगरवाडी’ 1955 सालची आहे. आम्ही चार वाचक दुसऱ्या वाचकांसमोर बोलणार आहोत, अध्यक्ष वगैरे कुणी नाही.

वसुधा

हेमंत यांचा प्रसंग वेगळा असला तरी त्यांनी वापरलेला ‘प्रास्ताविक’ हाच शब्द बरोबर आहे. मृण्मयी, तुझ्या पहिल्याच वाक्यातली ‘प्रस्तावना’ काढ. प्रस्तावना पुस्तकाच्या आरंभी छापलेली असते. संस्कृत नाटकातही प्रस्तावना असते, सूत्रधार आणि नटी बोलता बोलता प्रेक्षकांना नाटकाच्या दाराशी आणून सोडतात ती. सभेत किंवा गटात सुरुवातीला जे बोलतात ते प्रास्ताविक. तू कादंबरीची प्रस्तावना करत नाहीस, तुमच्या चौघांच्या बोलण्याचं प्रास्ताविक करते आहेस.

आता थीमबद्दल. कौस्तुभ म्हणतात ती मध्यवर्ती कल्पना बारा ओळींच्या कवितेला पुरते, कारण अशी कविता बहुधा एका केंद्राभोवती फिरते. कादंबरीत मात्र एकाहून अधिक अर्थ शेवटपर्यंत बरोबरीने चालत राहतात. त्यातला एक राजा आणि बाकीचे मांडलिक असं ठरवणं बळजबरीचं होतं. मराठी समीक्षेत यासाठी ‘आशयसूत्र’ हा शब्द रुळलेला आहे. सूत्र म्हणजे धागा, आणि धागे चार असू शकतात.

पण नुसता शब्द बदलून तुझी अडचण सुटणार नाही. तुझी यादी पुन्हा वाच. दुष्काळ ही घटना आहे, शिक्षण हा विषय, धनगरांचं जीवन हा परिसर आणि मास्तर ही व्यक्तिरेखा. चार वेगळ्या जातींच्या गोष्टी एका रांगेत बसवल्यास आणि त्यांना विषय म्हणालीस. तुझ्या कानाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. यातलं एकही आशयसूत्र नाही.

मृण्मयी

म्हणजे ‘दुष्काळ’ हे आशयसूत्र होऊ शकत नाही? अर्धी कादंबरी तिथेच येऊन ठेपते की.

वसुधा

मी एक कसोटी वापरते. ज्याच्या पुढे ‘विषयी’ लावून थांबता येतं तो विषय. ‘ही कादंबरी दुष्काळाविषयी आहे.’ वाक्य पुरं झालं, पण कळलं काहीच नाही, कारण दुष्काळाविषयीच्या कितीतरी कादंबऱ्यांना ते लागू पडतं. आता ‘ही कादंबरी दाखवते की’ असं म्हण आणि पुढे जा. तिथे एकटा ‘दुष्काळ’ ठेवता येत नाही, विधान करावंच लागतं. ‘ही कादंबरी दाखवते की माणसांनी मिळून उभारलेलं गाव पाऊस न पडल्याने रिकामं होऊ शकतं.’ हे झालं आशयसूत्र. यावर बोलायला निनादला पाच मिनिटं पुरणार नाहीत. नुसत्या दुष्काळावर बोलायला लागला तर दोन मिनिटांत कथानक सांगून मोकळा होईल.

अनघा

वसुधाताई म्हणतात ते आमच्या गटाने भोगलं आहे. कादंबरी दुसरी होती, पण आम्हीही नामं वाटून घेतली होती: स्त्री, समाज, निसर्ग, एकाकीपणा. पुरातला एक प्रसंग चौघांनाही हवा होता आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पहिलीने तो स्त्री म्हणून सांगितला, दुसऱ्याने समाज म्हणून. माझी पाळी तिसरी. ‘आत्ताच सांगितल्याप्रमाणे’ असं मी चार वेळा म्हणाले आणि दीड मिनिटात खाली बसले. फार वाईट वाटलं होतं, कारण मी महिनाभर वाचलं होतं.

मृण्मयी, तुमच्याकडे तालमीचा प्रसंग असा ठरेल. गावाने राबून तालीम बांधली, राजा उद्घाटनाला आला. सायली ते शिक्षणात घेणार, रोहन समाजजीवनात, तुम्ही मास्तरांच्या धडपडीत. आजच विचारून बघा.

मृण्मयी

विचारलं. तिघांनीही तालीम घेतली आहे. निनादनेसुद्धा, ‘दुष्काळाआधीचं चांगलं वर्ष’ म्हणून!

कौस्तुभ

मग तालीम हीच मध्यवर्ती कल्पना, मी म्हटलं तसं.

वसुधा

नाही, तालीम हा प्रसंग आहे. पण तुमच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे, कौस्तुभ. चारही सूत्रं जिथे एकमेकांवरून जातात ती गाठ प्रास्ताविकातच दाखवायला हवी. गाठ कुठे आहे हे श्रोत्यांना आधी कळलं, तर तोच प्रसंग दुसऱ्यांदा आल्यावर त्यांना पुनरुक्ती वाटत नाही, पुन्हा त्या जागी आलो असं वाटतं. प्रसंग पूर्ण सांगण्याचं काम मात्र एकाकडेच द्यायचं. बाकीच्यांनी एका वाक्यात त्याच्याकडे बोट दाखवून पुढे जायचं.

रफिक

शब्दांची चर्चा आहे म्हणून एका छोट्या शब्दाकडे लक्ष वेधतो. मसुद्यात आधी “आपण प्रस्तावना करणार आहोत” आहे आणि लगेच “आम्ही वाटून घेतले आहेत”. मराठीत ‘आपण’मध्ये समोरचा येतो, ‘आम्ही’मध्ये येत नाही. प्रास्ताविक श्रोते करणार नाहीत, म्हणून तिथे ‘आम्ही’ हवं. पण ‘आपण आज या गावात शिरणार आहोत’ असं वाक्य असेल तर ‘आपण’च हवं, तिथे ‘आम्ही’ म्हटलंत तर श्रोते वेशीबाहेर राहिले. दोन्ही सर्वनामं वापरा, पण कुठे कोणतं ते ठरवून वापरा. हिंदीतल्या ‘हम’ला ही सोय नाही, आपल्याकडे आहे.

आणि ‘वाटून घेतले’बद्दल. वाटणी म्हटलं की मला भावाभावांतली वाटणी आठवते, म्हणजे तुझं तुला, माझं मला, मध्ये कुंपण. ‘विभागणी’ जरा कोरडा शब्द आहे, पण त्यात भांडण नाही.

अनघा

‘वाटून घेणं’ मला उलट आपुलकीचं वाटतं. घास वाटून घेतात, काम वाटून घेतात, दुःखसुद्धा. कुंपण ‘वाटणी’त आहे, ‘वाटून घेण्या’त नाही.

एक सुचवू? ‘आशयसूत्र’ ऐकताना जड आहे. छापील लेखात चांगलं दिसतं, पण दोन मिनिटांत पाच वेळा म्हटलं तर समोरचे गळतील. ‘पदर’ म्हणा ना. अर्थाचे पदर असं आपण म्हणतोच. दोरीला पदर असतात, ते सुटे दाखवता येतात आणि एकत्र पिळले की दोरी होते. वाटून घेतले तरी तुटत नाहीत.

वसुधा

पदर सुंदर आहे, बोलण्यात जास्तच. माझी शंका एवढीच की पदर उलगडतात, म्हणजे तो अर्थाचा थर आहे. त्याला विधान असण्याची सक्ती नाही. ‘दुष्काळाचा पदर’ सहज म्हणता येतं आणि आपण पुन्हा नामांवर घसरतो. सूत्र मात्र काहीतरी सांगतंच, गणितातल्या सूत्रासारखं. तयारी करताना आशयसूत्र म्हणा, बोलताना हवं तर पदर म्हणा.

मृण्मयी

काल चौघं बसलो. प्रत्येकाने ‘ही कादंबरी दाखवते की’ने सुरू होणारं एक वाक्य लिहायचं असं ठरवलं. रोहनला सगळ्यांत वेळ लागला. ‘धनगरांचं जीवन’ सोडायला तो तयार नव्हता. मग त्याला ती बाई आठवली, औताला एका बैलाच्या जागी स्वतः उभी राहणारी. तिथून त्याचं वाक्य आलं. माझी ‘मास्तर’ ही व्यक्तिरेखाही गेली, तिच्या जागी नातं आलं. नवा मसुदा:

“नमस्कार. आज आपण एका तरुण मास्तरांच्या पाठोपाठ एका लहानशा वाडीत शिरणार आहोत. ‘बनगरवाडी’त काय घडतं ते सांगण्यापेक्षा त्यातून काय दिसतं ते आम्ही चौघं मांडणार आहोत. आम्हाला या कादंबरीच्या आशयाचे चार पदर दिसले. शिकवायला आलेला माणूस गावाकडूनच अधिक शिकतो, हा पहिला पदर सायली उलगडेल. गरिबीतही ही माणसं आपल्या कष्टांचं भांडवल करत नाहीत, हे रोहन दाखवेल. बाहेरून आलेला माणूस गावाचा होतो, पण पूर्ण होत नाही, याबद्दल मी बोलेन. आणि माणसांनी मिळून उभारलेलं गाव पाऊस न पडल्याने कसं रिकामं होतं, ते शेवटी निनाद सांगेल. हे चारही पदर तालमीच्या प्रसंगात एकत्र येतात. तो प्रसंग सायली सविस्तर सांगेल. आम्ही बाकीचे आपल्याला तिथे पुन्हा घेऊन जाऊ.”

मोठ्याने वाचायला मिनिटभर लागलं. अजून मिनिट हातात आहे. ते लेखकाच्या परिचयाला द्यावं का?

हेमंत

द्यावंच. व्यंकटेश माडगूळकरांचं नावही न घेता प्रास्ताविक संपतंय. ते चूक आहे.

वसुधा

नाव पहिल्याच वाक्यात घे, हेमंत यांचं बरोबर आहे. परिचयाला मात्र मिनिट देऊ नकोस. ते निनादला दे, गाव रिकामं होण्याचा भाग घाईत बोलण्यासारखा नाही. आणि निनादचं ‘शेवटी’ ठेव. घटनांच्या क्रमाने तो शेवटी येतोच, पण त्याचं सूत्र ऐकल्यावर आधीची तीन वेगळी ऐकू येतात.

रोहनच्या वाक्यातलं ‘भांडवल’ मला पटत नाही. मनात काहीतरी साधायचं असलं की भांडवल करतात. ती बाई तसं करत नाही हे खरं, पण तिच्याजवळ जे आहे ते या नकारात सापडत नाही.

रफिक

‘मिरवत नाहीत’?

अनघा

‘मिरवणं’ आनंदाचं असतं. ‘कष्टांचा बोभाटा करत नाहीत’ कसं वाटतं?

मृण्मयी

रोहनला दोन्ही कळवले. त्याला ‘बोभाटा’ आवडला, सायलीला तो त्या बाईसमोर फार मोठ्या आवाजाचा वाटतो. परवापर्यंत ठरवायचं आहे.