प्रतिसाद: एकच एसएमएस दोनदा का जातो?

> मुलाखतीत ‘मेसेज एकदाच जाईल याची हमी कशी द्याल?’ विचारलं. मी ॲमेझॉनच्या एसक्यूएस या मेसेज-रांगेच्या सेवेतली फिफो क्यू सांगितली, तरी समाधान झालं नाही. काय चुकलं?

फिफो क्यू 5 मिनिटांत परत टाकलेला तोच मेसेज गाळते, पण तिची हमी क्यूपुरतीच. एसएमएस कंपनीकडे काय गेलं, हे तिला कळत नाही.

सोलापुरात चादरींच्या दुकानाच्या ऑर्डर सिस्टिमवर मी हे भोगलंय. एका वर्करने उचललेला मेसेज बाकीच्यांना न दिसण्याचा काळ, म्हणजे व्हिजिबिलिटी टाइमआउट, 30 सेकंद होता, मूळ सेटिंगच. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एसएमएस कंपनीचं उत्तर यायला 40 सेकंद लागायचे. तिसाव्या सेकंदाला मेसेज क्यूत पुन्हा दिसायचा, दुसरा वर्कर तो उचलायचा, आणि गिऱ्हाइकाला ‘ऑर्डर निघाली’ दोनदा. लॉगमध्ये एकाच ऑर्डरवर दोन वर्करची नोंद दिसली, तेव्हा उलगडा झाला.

आम्ही कॉलला 10 सेकंदांची मर्यादा घातली आणि पाठवण्याआधी डेटाबेसात युनिक की नोंदवू लागलो:

```
4512:shipped:sms
```

नोंद `sent` असेल तर दुसरा वर्कर थांबतो. तरी एक फट उरतेच: कंपनीने एसएमएस स्वीकारला आणि `sent` लिहिण्याआधी वर्कर पडला तर? कंपनी आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली हे ओळखायची खूण, घेत असेल, तर रीट्रायला तीच की द्यायची. नसेल, तर दोनदा जाणं की न जाणं, यातलं एक निवडावं लागतं. ऑर्डरला मी दोनदा चालवून घेईन. जाहिरातीला रीट्रायच करणार नाही. मुलाखतीत ही फट स्वतःहून दाखवा. माझ्या मते त्यांना तेच ऐकायचं होतं.